सल्लागाराचं अडतीस मिनिटांचं बोलणं एका पानावर कसं आणावं: जोखीम, खर्च आणि राहिलेले प्रश्न

आमच्या गावात बचत गटाचे हिशेब मी लिहिते, म्हणून लोक मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. "हे ऐक न बाई, आन काय म्हनला तो सांग." गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाढलं आहे. कुणाची जमीन प्रकल्पात किंवा रेल्वेमार्गात गेली, कुणी नोकरीतून निवृत्त झालं. खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि आठ दिवसांत शहरातून एखादा सल्लागार घरी येऊन बसतो. माणूस चांगला बोलतो, चहा होतो, सगळे माना डोलावतात. तो गेल्यावर घरात कोणालाच नीट सांगता येत नाही की नेमकं ठरलं काय.

असं रेकॉर्डिंग ऐकून त्याचं एक पान कसं करायचं, ते मी शेजारच्या काकाजींच्या उदाहरणावरून सांगते. काकाजी त्रेसष्ट वर्षांचे आहेत. जमिनीच्या मोबदल्याचे १८ लाख बँकेत आले होते. मे महिन्याच्या आत विहिरीवरची मोटर आणि पाइपलाइन यांना ३ लाख लागणार होते. साधारण दोन वर्षांनी घराचं काम काढायचं होतं, त्याला ४ लाख. उरलेल्या पैशातून महिन्याला काही हाताशी यावं, एवढीच इच्छा. ही तीन वाक्यं मी रेकॉर्डिंग ऐकण्याआधीच पानाच्या वरच्या बाजूला लिहून घेतली. ती आधी लिहिणं फार गरजेचं आहे, कारण अडतीस मिनिटं ऐकल्यावर आपणही सल्लागाराच्या क्रमानं विचार करायला लागतो आणि घरची गरज मागे पडते.

रेकॉर्डिंग करताना

सल्लागाराला विचारून रेकॉर्ड करावं. "भाऊ, आमाले मागून समजत नाई, रेकॉर्ड करून ठेवतो" एवढं पुरतं. विचारल्यावर तो नाही म्हणाला, तर तेही पानावर लिहून ठेवा. मोबाइल सल्लागाराच्या बाजूला, बाजेवर किंवा स्टुलावर ठेवा आणि कूलर बंद करा. उन्हाळ्यात कूलर चालू असताना केलेल्या दोन रेकॉर्डिंगमधले आकडे मला शेवटपर्यंत लागले नाहीत. तो एखादा कागद दाखवत "हे बघा, इथे" म्हणाला की घरातल्या कोणीतरी मोठ्यानं म्हणावं, "म्हणजे कोणता आकडा?" आवाजात कागद दिसत नाही.

त्या फाइलमध्ये घरची रक्कम आणि खाते क्रमांक असतात, त्यामुळे ती गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका.

पहिल्यांदा ऐकताना फक्त मिनिटं लिहा

पहिल्या वेळी मी एकही आकडा लिहीत नाही. कोणता विषय किती मिनिटं चालला, एवढंच टिपते. काकाजींच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली चार मिनिटं ओळखीपाळखीत गेली. मग एकोणीस मिनिटं विम्याची 'गॅरंटीड' योजना, अकरा मिनिटं म्युच्युअल फंड, आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला जेमतेम चाळीस सेकंद: "पोस्टाचंही आहे काका, पण त्यात काही राहत नाही." उरलेला वेळ कागदपत्रं आणि सह्यांचं बोलणं.

यावरून सल्लागाराच्या हेतूबद्दल काही लिहायचं नाही. पण कोणत्या पर्यायाची माहिती आपल्याकडे अपुरी आहे, ते इथेच कळतं. चाळीस सेकंदांत जोखीमही सांगून होत नाही आणि खर्चही नाही.

याच वेळी सल्लागार स्वतःची ओळख काय सांगतो, ते शब्दशः उतरवा. आमच्याकडे सगळे 'फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर' म्हणूनच येतात, पण कायद्याच्या भाषेत यात फरक आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेकडे नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार आपली फी ग्राहकाकडून घेतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक `INA` या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाकडे `ARN` क्रमांक असतो आणि त्याला कमिशन फंड कंपनीकडून मिळतं. विमा एजंटला विमा कंपनीकडून. काकाजींकडे आलेला माणूस वितरक होता आणि विमा एजंटही होता. त्यात गैर काही नाही, पण तो खर्चाच्या भागात लिहायचा मुद्दा आहे.

दुसऱ्यांदा ऐकताना: कोणी म्हटलं, याची खूण

आता थांबत थांबत ऐकायचं आणि प्रत्येक महत्त्वाचं वाक्य वेळेसकट लिहायचं. प्रत्येक वाक्यापुढे मी खूण करते. 'बो' म्हणजे सल्लागार तसं बोलला. 'का' म्हणजे त्यानं दिलेल्या किंवा आपण मिळवलेल्या छापील कागदावर आहे. 'हि' म्हणजे माझा हिशेब. जे कुठेच नाही, त्याची जागा रिकामी ठेवते.

ही खूण मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीला एका ताईंसाठी पान करताना मी लिहिलं होतं, "फंडात १२ टक्के मिळतात." रेकॉर्डिंगमध्ये शब्द होते, "बारा धरून चाला." 'धरून चाला' हे माझ्या पानातून गळलं आणि ताईंच्या मनात बारा टक्के पक्के बसले. तेव्हापासून साधारण, अंदाजे, धरून चाला, गेल्या पाच वर्षांत, मार्केट चांगलं राहिलं तर, असे शब्द मी जसेच्या तसे उतरवते आणि त्यांच्याखाली रेघ मारते. संपूर्ण बोलण्यात जोखीम बहुधा याच शब्दांत असते. बाकी वाक्यं विकण्यासाठी असतात.

आकड्यांची एक वेगळीच अडचण आपल्या भागात येते. शहरातला माणूस अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतो. 'डेढ परसेंट' आणि 'ढाई परसेंट' घाईत सारखेच ऐकू येतात. 'सव्वा सात' मधला सव्वा गिळला जातो, 'पावणेदोनपट'चं 'दोनपट' होतं. म्हणून शंका असलेला आकडा ऐकला तसा अक्षरात लिहा, पुढे प्रश्नचिन्ह द्या आणि कागदाशी ताडून पाहा. कागदावर नसेल तर तो आकडा राहिलेल्या प्रश्नांत जातो. अंदाजानं पक्का करू नका.

जोखीम: टक्क्यांतून तारखेत आणि रुपयांत

"मार्केट रिस्क असते" असं लिहून काकाजींच्या हाती काही लागत नाही. मी प्रत्येक पर्यायाला एकच गोष्ट विचारते: घरची जी तारीख वर लिहिली आहे, त्या तारखेला पैसा लागला तर काय होईल?

आधी सल्लागारानं १८ लाखांची वाटणी कशी सांगितली, ते मांडलं. विम्याच्या योजनेत वर्षाला दीड लाख, आठ वर्षं, आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर २१ लाख. म्युच्युअल फंडात ६ लाख, त्यातून महिन्याला ५,००० काढायचे. "उरलेले बँकेत राहू द्या, त्यातून हप्ते जातील." हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, पण बेरीज कोणी केली नव्हती. आठ हप्त्यांचे १२ लाख आणि फंडाचे ६ लाख, झाले १८. पाइपलाइनचे ३ लाख आणि घराचे ४ लाख या वाटणीत कुठेच नाहीत.

मग वर्षाचा हिशेब. पहिला हप्ता आणि फंड गेल्यावर बँकेत साडेदहा लाख. मेमध्ये ३ लाख गेले की साडेसात. दुसरा आणि तिसरा हप्ता गेला की साडेचार. तेव्हाच घराचे ४ लाख निघाले की पन्नास हजार. बँकेचं व्याज धरलं तर फार तर चौथा हप्ता कसाबसा निघेल, पाचवा नाही. म्हणजे या योजनेची खरी जोखीम कंपनी बुडण्याची नाही. काकाजींना पाचवा हप्ता भरता येणार नाही, ही आहे. अशी पॉलिसी मध्येच थांबली की हाती येणारी रक्कम भरलेल्या पैशांपेक्षा कमी असू शकते. किती कमी, ते सल्लागार बोलला नाही, म्हणून तिथे रिकामी जागा.

"भरले बारा, मिळाले एकवीस" हे ऐकायला पावणेदोनपट वाटतं. पण पहिला हप्ता पंधरा वर्षं अडकतो आणि आठवा आठ वर्षं, म्हणजे सरासरी साडेअकरा वर्षं. दर काढायला मोबाइलमधली शीट पुरते. `B1` ते `B8` मध्ये `-150000`, `B9` ते `B15` मध्ये `0`, आणि `B16` मध्ये `2100000` लिहून एका रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=IRR(B1:B16)
```

उत्तर वर्षाला पाच टक्क्यांच्या जरा आत येतं. पुढे 'हि' ही खूण करायची, कारण हे सल्लागार बोललेला नाही. त्यात विम्याचं संरक्षणही आहे, म्हणून नुसत्या ठेवीशी तुलना करून "वाईट" असं लिहू नका. आकडा लिहा आणि थांबा.

फंडाचं बोलणं असं होतं: "महिन्याला पाच हजार घ्या, मुद्दल तसंच राहतं." वर्षाला साठ हजार म्हणजे ६ लाखांवर दहा टक्के. तेवढी वाढ दरवर्षी झाली तरच मुद्दल राहील. समजा युनिटचा, म्हणजे फंडातल्या एका हिश्श्याचा, भाव ५० रुपये आहे, तर ६ लाखांत १२,००० युनिट येतात आणि ५,००० साठी महिन्याला १०० युनिट विकावे लागतात. बाजार पडून भाव ४० झाला की त्याच ५,००० साठी १२५ विकावे लागतात. विकलेले युनिट भाव वर आल्यावर परत येत नाहीत. काकाजींना मी म्हटलं, "दुष्काळात चाऱ्यासाठी शेळ्या विकल्या, तर पाऊस आल्यावर कळप तेवढाच राहते का?" ते लगेच "नाई" म्हणाले. योजनेच्या कागदावर जोखमीचं चक्र छापलेलं असतं, त्यात सहा पायऱ्या असतात. काटा कोणत्या पायरीवर आहे, ते बघून 'का' खुणेसह लिहा.

खर्च: चार वेळा विचारायचं

खर्चाबद्दल अडतीस मिनिटांत एकदाच शब्द आला: "चार्जेस नॉमिनल आहेत." त्याला मी 'बो' ची खूण केली आणि समोर रक्कम रिकामी ठेवली. खर्च शोधताना पैशाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. आत जाताना काय कापलं जातं? राहताना दरवर्षी काय कापलं जातं? ठरल्या वेळी बाहेर पडताना काय? आणि मुदतीआधी बाहेर पडताना काय?

फंडात राहतानाचा खर्च वेगळा भरावा लागत नाही, तो रोजच्या भावातूनच वजा होतो, म्हणून लोकांना तो नाहीच असं वाटतं. एकाच योजनेचे 'रेग्युलर' आणि 'डायरेक्ट' असे दोन प्रकार असतात. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन धरलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं. दोन्हींच्या खर्चात एका टक्क्याचा फरक असेल, तर ६ लाखांवर वर्षाला ६,००० होतात. नेमका फरक योजनेनुसार बदलतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. एका वर्षाच्या आत पैसे काढले तर एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याची कपात, लागू शकतो. काकाजींना पहिल्याच महिन्यापासून ५,००० काढायचे होते, म्हणून हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता कागदावरचा नव्हता.

पोस्टाच्या योजनेला तेवढाच न्याय द्यायचा, तर माहिती पोस्टातून आणावी लागते. साठ वर्षांवरच्या माणसाला तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के चालत आला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण खातं उघडताना जो लागतो तोच पाच वर्षं राहतो, म्हणून त्या दिवशीचा दर विचारून घ्या. ८.२ नं १० लाखांवर तिमाहीला २०,५०० येतात. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज मिळत नाही, एक ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलाचा दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. १० लाखांवर दीड टक्का म्हणजे १५,००० रुपये. हे सगळं 'का' खुणेखाली गेलं. सल्लागाराच्या तोंडी नाही.

राहिलेले प्रश्न आवाजातच असतात

तिसऱ्यांदा ऐकताना सल्लागाराकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त घरच्यांचे आवाज ऐकायचे. बहुतेक लोक पान करताना हा भाग स्वतःच्या डोक्यातून लिहितात आणि मग ते लिहिणाऱ्याचे प्रश्न होतात. काकाजींचे प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये होतेच, फक्त ते प्रश्नासारखे वाटत नव्हते.

चौदाव्या मिनिटाला काकाजी म्हणतात, "मंग मधात लागले त?" सल्लागार म्हणतो, "लागणारच नाहीत काका, टेन्शन नका घेऊ." हे उत्तर नाही. बाविसाव्या मिनिटाला, "पतसंस्थेत साडेनऊ देते म्हनते…" आणि वाक्य तिथेच राहतं, कारण सल्लागार पुढच्या कागदाकडे वळतो. एकतिसाव्या मिनिटाला मागून काकूंचा आवाज, हळू: "हे नसले त माह्या नावानं होते का?" त्यावर कोणीच काही बोललं नाही. चहाचे कप वाजतात.

हे तिन्ही प्रश्न त्यांच्याच शब्दांत, वेळेसकट पानावर घ्या. नंतर त्याखाली सल्लागाराला विचारता येईल अशा भाषेत एक ओळ लिहा. पतसंस्थेचा प्रश्न मात्र सल्लागाराकडे न्यायची गरज नव्हती. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ठेव विमा महामंडळाचं मुद्दल आणि व्याज मिळून दर बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. एवढं 'का' खुणेसह लिहिल्यावर काकाजींनी तो विषय स्वतःच सोडला.

शेवटी पान असं दिसलं. इथे विमा योजनेचा भागच देते:

विमा योजना. वर्षाला १,५०,००० × ८, पंधरा वर्षांनी २१ लाख (बो, ९ मि.; का).
जोखीम: पाइपलाइन आणि घर काढलं तर पाचव्या हप्त्याला पैसा नाही (हि). वाढीचा दर पाच टक्क्यांच्या आत (हि).
खर्च: "नॉमिनल" (बो, १७ मि.). रक्कम ______. चार हप्त्यांनंतर बंद केली तर हाती येणारी रक्कम ______.
राहिलेला प्रश्न: "मंग मधात लागले त?" (काकाजी, १४ मि.). तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी बंद केल्यास किती रुपये मिळतील, ते लेखी द्यावं.

एका पर्यायाला एवढ्याच ओळी. पान दोन्ही बाजूंनी भरायला लागलं की समजा, आपण सारांश सोडून नक्कल करतोय.

वाचून दाखवणं आणि उत्तरं भरणं

पान हातात देऊन थांबू नका. काकाजी आणि काकू दोघं असताना मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक पर्यायानंतर त्यांनाच सांगायला लावा. "यात मेच्या आधी पैसा निघते का?" याचं उत्तर त्यांना देता आलं नाही, तर तो भाग पुन्हा लिहायचा. कोणतं घ्यावं, हे मी सांगत नाही. विचारलं तरी नाही, कारण मी सल्ला द्यायला नोंदणी झालेली नाही. शिवाय माझं मत पानात शिरलं की खुणांना काही अर्थ राहत नाही.

काकाजींनी रिकाम्या जागा घेऊन सल्लागाराला फोन केला. त्यानं न चिडता दोन उत्तरं लगेच दिली आणि बंद केल्यावरच्या रकमेचा तक्ता कंपनीकडून मागवतो म्हणाला. फोनवरची उत्तरं तारखेसह वेगळ्या शाईनं लिहा, आधीची ओळ खोडू नका. आधी काय म्हटलं आणि नंतर काय म्हटलं, दोन्ही दिसायला हवं. सही आधीच झाली असेल, तर पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. म्हणून कागद कोणत्या तारखेला मिळाला, ते पानाच्या वर लिहा आणि पोस्टाचं पाकीट जपून ठेवा.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तीन ठिकाणी वेगवेगळं निघालं: पॉलिसीत नॉमिनी कोण, फंडात नॉमिनी कोण, आणि बँकेचं खातं एकट्याच्या नावानं आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' होतं. दुसऱ्याच दिवशी दोघं पासबुक घेऊन तालुक्याला गेले. विम्याचा तक्ता अजून आलेला नाही, म्हणून सही थांबली आहे आणि पानावरची ती जागा रिकामी आहे.